पर्याय काटत जा: खात्री नसलेले प्रश्न कसे सोडवावेत

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न असतात, गुण २०० आणि वेळ दोन तास. मन लावून वर्षभर अभ्यास केलेल्या मुलालाही यातले निम्मेच प्रश्न पाहताक्षणी येतात. राहिलेल्या निम्म्यांपैकी बऱ्याच प्रश्नांचं काहीतरी आठवत असतं, पण पुरतं आठवत नसतं. पहिल्यांदा पेपर देणारी मुलं या प्रश्नांशी दोनच प्रकारे वागतात. निगेटिव्हच्या धाकाने सगळे सोडून देतात, नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत दिसेल तो गोल काळा करतात. दोन्हीत गुण जातात. हा लेख त्या मधल्या प्रश्नांसाठी आहे. उदाहरणं एमपीएससीची घेतली आहेत, पण शेवटी ‘जितके बरोबर तितके सगळे निवडा’ या प्रकारावरही लिहिलं आहे, कारण तिथे हिशेब पूर्ण बदलतो.

आधी दंडाचा हिशेब

परीक्षा कोणतीही असो, चुकीच्या उत्तराला किती गुण कापतात हे घरूनच पाहून जा. एमपीएससीत प्रश्नाच्या गुणांच्या २५ टक्के कापतात. म्हणजे बरोबर आलं तर २ मिळतात, चुकलं तर अर्धा जातो.

आता असं समजा की चारपैकी दोन पर्याय तुम्ही खात्रीने बाद केले आणि उरलेल्या दोनांत अडकलात. असे दोन प्रश्न सोडवले तर सरासरी एक बरोबर, एक चूक. मिळाले २, गेला अर्धा, हातात दीड. एकच पर्याय बाद झाला असेल तर तीन प्रश्नांत एक बरोबर आणि दोन चूक, म्हणजे २ वजा १, हातात १. एकही पर्याय बाद झाला नसेल तर चार प्रश्नांत एक बरोबर, तीन चूक, हातात अर्धा गुण. हा शेवटचा अर्धा गुण कागदावर दिसतो खरा, पण असे दहा-बाराच प्रश्न असतात आणि तेवढ्यात नशीब इकडेतिकडे सहज होतं. एखादा प्रश्न अजिबात ओळखीचा नसेल तर मी तो सोडा असंच सांगतो, तोच वेळ दोन पर्याय उरलेल्या प्रश्नावर घालवा. पण एक जरी पर्याय पक्का बाद झाला असेल, तर एमपीएससीत तो प्रश्न सोडायचा नाही.

यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एक तृतीयांश गुण कापतात. तिथे आंधळ्या तुक्क्याचा हिशेब जवळपास शून्यावर येतो. एक पर्याय बाद झाला तर थोडा फायदा, दोन झाले तर चांगला फायदा. आणि एमएचटी-सीईटी, सेट, टीईटी अशा ज्या परीक्षांत निगेटिव्ह नसतं, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे हातचे गुण टाकणं.

काट मारायला कारण लागतं

सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. ‘हा पर्याय बरोबर वाटतोय’ असं म्हणत उत्तराकडे जायचं नाही. प्रत्येक पर्यायाला ‘हा का चूक आहे?’ असं विचारायचं. उत्तर एका वाक्यात देता आलं तरच त्यावर काट मारायची. ‘कसंतरीच वाटतंय’, ‘हे नाव कधी वाचलं नाही’ ही कारणं नव्हेत. न वाचलेलं नाव बरोबर असू शकतं, आणि ओळखीचं नाव नेमकं सापळा म्हणून ठेवलेलं असू शकतं. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की तुम्ही कोणती नावं घोकलेली आहेत.

कारणाशिवाय मारलेली काट फार महागात पडते. खरं उत्तरच बाद झालं की उरलेल्या दोनांत कितीही डोकं चालवा, गुण जाणारच. एखाद्या पर्यायाबद्दल नुसता संशय असेल तर काटेऐवजी प्रश्नचिन्ह करा. काट फक्त खात्रीची.

विधानांचा प्रश्न, जवळून

आयोगाला हा प्रकार सगळ्यात आवडतो. एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू.

खालील विधानांचा विचार करा.
अ. गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते.
ब. तापी नदी अरबी समुद्राला मिळते.
क. कोयना ही भीमा नदीची उपनदी आहे.
ड. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतरच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात.
वरीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?
(१) अ, ब आणि क (२) अ, ब आणि ड (३) ब, क आणि ड (४) वरील सर्व

बहुतेक जण ‘अ’पासून सुरुवात करतात. गोदावरीचा उगम पाठ असतो, ‘अ’ बरोबर. त्याने काय झालं? फक्त तिसरा पर्याय बाद झाला. मग ‘ब’. तापी पश्चिमेला वाहते हे आठवायला थोडा वेळ गेला, तेही बरोबर निघालं. त्याने काय झालं? काहीच नाही. ‘ब’ चारही पर्यायांत आहे, म्हणजे त्याचं खरंखोटं तुम्हाला ठरवायचंच नव्हतं.

म्हणून विधानं वाचून झाली की लगेच विचार करायला लागू नका. आधी खाली पर्यायांकडे बघा आणि कोणतं अक्षर किती पर्यायांत आहे ते मोजा. याला दहा सेकंद लागतात. जे चारही ठिकाणी आहे ते सोडून द्या. इथे ‘क’ तीन पर्यायांत आहे. ते चूक ठरलं तर एका फटक्यात पहिला, तिसरा आणि चौथा असे तीन पर्याय जातात आणि उत्तर हातात येतं. म्हणून पहिला विचार ‘क’चा.

आता कोयना कोणाची उपनदी हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल किंवा नसेल. पण कऱ्हाडचा प्रीतिसंगम ऐकलेला असतो, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथे आहे. तो संगम कृष्णा आणि कोयनेचा. म्हणजे कोयना कृष्णेला मिळते, भीमेला नाही. ‘क’ चूक, उत्तर दुसरा पर्याय. प्राणहितेचं नावही ऐकलं नसलं तरी चालतं.

असं आडवाटेने आठवणं हा काटेचा खरा कस आहे. प्रश्नाने विचारलेली ओळ आठवत नसेल तर त्याच गोष्टीबद्दल दुसरं काय माहीत आहे ते काढा. जागा, मंदिर, धरण, बातमी, गावाकडचं कोणी सांगितलेलं, काहीही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. समजा तुम्हाला ‘अ’ आणि ‘ड’ पक्के बरोबर माहीत आहेत आणि ‘क’बद्दल काहीच माहीत नाही. पहिल्या पर्यायात ‘ड’ नाही, तिसऱ्यात ‘अ’ नाही. दोन्ही गेले. उरले दुसरा आणि चौथा, म्हणजे ‘क’ आहे की नाही एवढाच प्रश्न. इथे ‘वरील सर्व’ला भुलू नका आणि घाबरूही नका. ‘वरील सर्व दिलं की तेच उत्तर असतं’ असं अभ्यासिकांमधून कायम ऐकू येतं, त्याला काही आधार नाही. तो पर्याय एकदाच आपोआप बरोबर ठरतो: दोन विधानं खात्रीने बरोबर आहेत आणि ती दोन्ही सामावणारा दुसरा एकही पर्याय नाही, तेव्हा.

प्रश्नाची शेवटची ओळ पेन्सिलीने अधोरेखित करायची सवयही आत्ताच लावा. ‘बरोबर नाहीत’, ‘अयोग्य विधान ओळखा’ असे प्रश्न आयोग सर्रास विचारतो. चार विधानांवर डोकं लावून झाल्यावर मन ‘बरोबर’च शोधत राहतं, आणि बरोबर विधानांचा गट पर्यायांत ठेवलेला असतोच.

‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधीही’ या शब्दांचं काय?

टोकाचा शब्द असलेलं विधान चूक असतं, हा ठोकताळा अर्धाच खरा आहे. ‘सर्व सस्तन प्राणी पिलांना जन्म देतात’ हे चूक आहे, कारण प्लॅटिपस अंडी घालतो. निसर्गाला अपवाद असतात, त्यामुळे विज्ञान, पर्यावरण आणि भूगोलात हा संशय बहुधा कामी येतो. पण राज्यघटना म्हणजे नियमांचं पुस्तक आणि नियम टोकाच्याच भाषेत लिहितात. ‘धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येते’ हे बरोबर आहे. ‘राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही’ हेही बरोबर आहे. राज्यशास्त्राच्या प्रश्नात ‘फक्त’ दिसला म्हणून काट मारणारी मुलं दरवर्षी गुण घालवतात. तिथे हा शब्द प्रश्नचिन्हापुरताच वापरा.

‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’

यूपीएससीच्या २०२३ च्या पूर्व परीक्षेत या प्रकारचे प्रश्न भरपूर आले आणि अनेकांचा तोल गेला. पर्याय असतात: फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. इथे कोणती विधानं हे सांगायचंच नाही, किती ते सांगायचं. त्यामुळे वरची अक्षरं मोजण्याची युक्ती इथे चालत नाही. एक विधान चूक निघालं म्हणून तीन पर्याय उडत नाहीत.

उदाहरण घेऊ. ७३व्या घटनादुरुस्तीबद्दल तीन विधानं आहेत. पहिलं, ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. दुसरं, तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. तिसरं, पंचायतींमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महिला आरक्षणाचं विधान सगळ्यांना पक्कं माहीत असतं. तारखेबद्दल गोंधळ होतो, कारण कायद्याच्या नावात १९९२ आहे, पण २४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायत राज दिवस म्हणून पाळतात हे आठवलं की तेही सुटतं. राहिली अनुसूची. ७३वी पंचायतींची आणि ७४वी नगरपालिकांची. अनुसूच्याही त्याच क्रमाने आल्या, अकरावी पंचायतींची, बारावी नगरपालिकांची. म्हणजे दुसरं विधान चूक, उत्तर ‘फक्त दोन’.

आता अडलेल्याची स्थिती पाहा. तीनपैकी दोन विधानं पक्की असतील तर नेहमी दोनच पर्याय उरतात. तेव्हा न कळलेल्या विधानावर जिकडे मन झुकेल तिकडे जा आणि प्रश्न सोडवा. पण एकच विधान पक्कं बरोबर माहीत असेल आणि दोन अंधारात असतील तर? पर्याय तीन उरतात, एक, दोन किंवा तीन बरोबर. इथे ते तिन्ही सारख्या वजनाचे नाहीत. दोन अनोळखी विधानांची खरंखोटंची जोडी चार प्रकारे लागते: दोन्ही बरोबर, दोन्ही चूक, पहिलं बरोबर दुसरं चूक, पहिलं चूक दुसरं बरोबर. चारपैकी दोन प्रकारांत उत्तर ‘फक्त दोन’ येतं. कोणत्याच बाजूला काही सुगावा नसेल तर मधला पर्याय घ्या, त्याला निम्मी शक्यता आहे. हे गणित विधान खरं असण्याची आणि खोटं असण्याची शक्यता सारखी मानून केलंय, त्यामुळे थोडा जरी सुगावा असेल तर सुगाव्याचं ऐका.

या प्रकारात एक फसवणूक लपलेली असते. पहिलं विधान चुकून खोटं मानलं आणि दुसरं चुकून खरं मानलं, तरी संख्या दोनच येते. गुण मिळतात आणि आपल्याला हे येतं असं वाटतं. सराव पेपर तपासताना या प्रश्नांत नुसती उत्तरतालिका बघू नका, विधान विधान तपासा.

जिथे खरोखर सगळे बरोबर पर्याय निवडायचे असतात

एमपीएससीत गोल एकच रंगवायचा असतो, दोन रंगवले की उत्तर चूक धरतात. पण घरात बारावीचं कोणी जेईई अॅडव्हान्स्ड देणारं असेल किंवा तुम्ही स्वतः गेट देणार असाल तर तिथे एकाच प्रश्नाचे दोन, तीन किंवा चारही पर्याय बरोबर असू शकतात. इथे चार पर्याय म्हणजे चार वेगवेगळे हो-नाहीचे प्रश्न. ‘एक मिळालं, झालं’ म्हणून पुढे जायचं नाही, आणि एक बरोबर निघाला म्हणून दुसऱ्यावर काट मारायची नाही. पहिल्यांदा सोडवणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे, कारण वर्षानुवर्षं एकाच उत्तराची सवय असते.

गेटमध्ये अशा प्रश्नाला निगेटिव्ह नाही, पण अर्धवट गुणही नाहीत. सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही, तरच गुण. म्हणून तिथे प्रश्न कोरा ठेवू नका. दोन पर्याय पक्के बरोबर, एक पक्का चूक आणि एकाबद्दल शंका असेल, तर मन झुकेल तसं करा, जाणार काहीच नाही.

जेईई अॅडव्हान्स्डमध्ये मात्र हिशेब करावा लागतो. अलीकडच्या पेपरांत सगळे बरोबर पर्याय निवडले तर ४ गुण मिळतात. सगळे नाही, पण निवडलेले सगळे बरोबर असतील, तर निवडलेल्या प्रत्येकाला एक. एकही चुकीचा निवडला की वजा २. समजा तुमचे दोन पर्याय पक्के बरोबर आहेत, तिसरा पक्का चूक आहे आणि चौथ्याबद्दल निम्मी-निम्मी शंका आहे. चौथा सोडून दिला तर काय होईल? तो खरोखर चूक असेल तर तुमचं उत्तर पूर्ण, ४ गुण. तो बरोबर असेल तर तुमचे दोन बरोबर, २ गुण. सरासरी ३. चौथा धरला तर? बरोबर असेल तर ४, चूक असेल तर वजा २. सरासरी १. म्हणजे शंकेचा पर्याय सोडण्यातच फायदा. गणित पुढे नेलं तर असं निघतं की चारपैकी तीन वेळा बरोबर येईल इतकी खात्री असेल तरच तो धरावा. दरवर्षी गुणांचे नियम पेपरमध्येच दिलेले असतात, ते वाचल्याशिवाय हा हिशेब वापरू नका.

हॉलमध्ये आणि घरी

पुन्हा एमपीएससीकडे येऊ. पहिल्या फेरीत पक्के येणारे प्रश्न सोडवत जा आणि त्यांचे गोल तेव्हाच रंगवा. उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने केलेलं खोडता येत नाही, म्हणून डळमळीत प्रश्नाचा गोल पहिल्या फेरीत रंगवायचा नाही. त्याऐवजी प्रश्नपुस्तिकेत प्रश्नाच्या आकड्यापाशी किती पर्याय उरले ते लिहा, २ किंवा ३. काही कळलंच नाही तर शून्य. साधारण सत्तर मिनिटांत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचायचं. दुसऱ्या फेरीत आधी सगळे २ वाले, मग ३ वाले. बऱ्याचदा पुढच्या एखाद्या प्रश्नाच्या विधानातच मागच्याचं उत्तर सापडतं, म्हणूनही ही फेरी नंतर ठेवायची. दुसऱ्या फेरीत उत्तर बदलायचं असेल तर नवं कारण हवं. नुसती भीती वाटली म्हणून बदलू नका.

हे आकडे घरी सोन्यासारखे आहेत. सराव पेपर तपासताना एकूण गुण नंतर मोजा, आधी गट वेगळे करा. समजा ४८ प्रश्न पक्के म्हणून सोडवले, त्यात ४४ बरोबर आले: ८८ वजा २, म्हणजे ८६. दोन उरलेले २० प्रश्न होते, ११ बरोबर: २२ वजा साडेचार, साडेसतरा. तीन उरलेले १८ होते, ६ बरोबर: १२ वजा ६, सहा. चौदा कोरे. एकूण १०९.५. नुसते पक्के सोडवून थांबला असता तर ८६ वरच राहिला असता.

पाच-सहा पेपर असे तपासले की तुमचं दुखणं कुठे आहे ते दिसतं. ‘पक्के’ म्हटलेल्यांत दहातले दोन-तीन चुकत असतील तर तुम्ही घाईने वाचताय, शेवटची ओळ निसटतेय. दोन उरलेल्यांत निम्म्याहून कमी बरोबर येत असतील तर तुमच्या काटा चुकीच्या पडतायत. त्या प्रत्येक प्रश्नात खरं उत्तर कोणत्या टप्प्यावर बाद झालं ते शोधा आणि तेव्हा डोक्यात कोणतं कारण होतं ते समोर लिहून काढा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिथे कारण नसतंच, ‘ऐकलं नव्हतं’ एवढंच असतं. आणि शून्यवाल्यांचा गट ज्या विषयात जास्त दिसेल, इतिहास असो की अर्थशास्त्र, तिथे काट मारून काही होणार नाही, पुस्तकच उघडावं लागेल.